एकादशीचा ताळेबंद

२०१९-२० च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत थाळीवर एक अख्खे प्रकरण आहे. रुपयाची घसरण आणि वित्तीय तूट यांच्या शेजारी वरण-भात-भाजी मानाने बसलेली आहे. प्रकरणाचा निष्कर्ष असा की अन्नाचे भाव पूर्वीच्याच वेगाने वाढत राहिले असते तर जो खर्च झाला असता, त्याच्या तुलनेत रोज दोन शाकाहारी थाळ्या जेवणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाचे वर्षाला सरासरी १०,८८७ रुपये वाचले. ग्वाल्हेरच्या पडावात राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहिणीला हा आकडा सांगितला, तर ती आधी डाळीचा डबा उघडून बघेल, मग तांदळाचा, आणि शेवटी नवऱ्याकडे. रक्कम नेमकी कोणत्या डब्यात आहे, हे पाहणीत लिहिलेले नाही. पण आकडा खोटा नाही. पाच माणसे, दोन वेळा, वर्षाचे दिवस असा गुणाकार केला की ३,६५० पाने होतात आणि बचत येते पानामागे तीन रुपयांच्या जरा आत. आता ग्वाल्हेरात साजूक तूप ६४० रुपये किलो धरले, तर एका लहान चमच्यातले पाच ग्रॅम तूप ३ रुपये २० पैशांचे होते. म्हणजे साऱ्या देशाच्या बाजाराने मिळून एका पानामागे जे वाचवले, ते वाढणारीने “अजून थोडं घे” म्हणून भातावर सोडले आणि वर वीस पैसे पदरचे घातले.

घरखर्चाचा हिशोब मांडणारे बहुतेक जण या चमच्यापाशीच चुकतात. महागाई म्हटली की नजर डाळीवर जाते, कारण डाळीचा भाव वर्तमानपत्रात येतो. तूप, दाण्याचे कूट, ओले खोबरे, दही यांचा भाव कोणी छापत नाही आणि हे सगळे पदार्थ हाताने, अंदाजाने आणि प्रेमाने घातले जातात. माझे म्हणणे एवढेच आहे की मराठी स्वयंपाकात पदार्थ स्वस्त की महाग हे त्याच्या नावावरून ठरत नाही, मुख्य जिन्नसावरूनही फारसे ठरत नाही. ते ठरते वरून काय पडते त्यावर. म्हणून आठवड्याचा बेत स्वस्ताईकडे वळवायचा असेल, तर आधी प्रत्येक पदार्थाचा माणशी खर्च काढावा लागतो. एकदा तो काढला की घरातले बरेच सात्त्विक पदार्थ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात.

पण माणशी म्हणजे किती? इथे सरकार आपल्यापेक्षा शिस्तीचे आहे. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत काय असावे हे ग्रॅममध्ये ठरले होते: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे, आणि थाळीची किंमत शहरात ५० व गावात ३५ धरून वरचे पैसे सरकारने द्यायचे. मध्य प्रदेशातही २०१७ पासून दीनदयाळ रसोई आहे, तिथे ताट पाच रुपयांना सुरू झाले. ही मापे घरात लावून बघावीत. ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या हे कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या लेखी जेवण नव्हे, जेवणाची सूचना आहे. पाककृतींच्या पुस्तकांतही शेवटी ‘चार जणांसाठी’ असे लिहिलेले असते, ते चार जण कोण हे कधी लिहिलेले नसते. त्यामुळे भागाकाराचा खालचा आकडा पुस्तकातून घेऊ नये. शिजलेले पातेले वजन करावे, जेवणे झाल्यावर उरलेले पुन्हा वजन करावे, वजाबाकीला जेवणाऱ्यांनी भागावे. मिळते ती आपल्या घरची वाढणी. ती पुस्तकी वाढणीच्या दीडपट निघाली तर पुस्तक चुकीचे नाही आणि मुलगाही चुकीचा नाही, फक्त पुस्तकातला स्वस्त पदार्थ आपल्या घरात तितका स्वस्त राहत नाही.

वरच्या आकड्यातही गोम आहे. पडावच्या ठेल्यांवर भाजीचा भाव पावशेराने सांगतात. “बीस के पाव” हे कानाला इतके गोड लागते की ८० रुपये किलो हे घरी पोचल्यावर लक्षात येते. शिवाय भाव असतो विकत घेतलेल्या वजनाचा, आणि पोटात जाते साफ केलेले वजन. हिवाळ्यात ग्वाल्हेरला फ्लॉवर ३० रुपये किलो मिळाला की घर आनंदते आणि ४० रुपयांच्या दुधीकडे कोणी ढुंकून बघत नाही. (दुधीकडे एरवीही कोणी बघत नाही, पण तेव्हा निदान कारण सांगता येते.) आता पाने आणि दांडा काढल्यावर किलोभर फ्लॉवरातून सहाशे ग्रॅम कामाचा गड्डा निघतो, म्हणजे खरा भाव ५० रुपये. दुधीची साल आणि टोके गेली तरी साडेआठशे ग्रॅम हाती राहतात, म्हणजे खरा भाव ४७. मटाराच्या शेंगा ३० रुपये किलोने आणल्या आणि किलोला साडेचारशे ग्रॅम दाणे निघाले, तर दाणे पडतात ६७ रुपयांना. तरीही तो हंगामातला मटार स्वस्तच, पण ३० रुपयांइतका नव्हे. राहिली भाजीबरोबर फुकट मिळणारी कोथिंबीर. हिशोबात तिची किंमत शून्य लिहायला हरकत नाही, मात्र त्या फुकट काडीसाठी नको असलेला अर्धा किलो भोपळा घेतला असेल तर तो भोपळा कोथिंबिरीच्या खाती टाकावा.

मसाल्यांसाठी फार डोके लढवू नये. मोहरी किती दाणे आणि हिंग किती चिमटी हे मोजणारा माणूस बचत करत नसतो, छंद करत असतो. महिन्याचे मीठ, मसाले, हळद-तिखट यांचे बिल जेवणांच्या संख्येने भागले की माणशी रुपया-दीड रुपयात प्रकरण मिटते. गॅस मात्र विसरू नये. १४.२ किलोचा सिलिंडर ९२० रुपयांना धरला तर किलोला ६५ रुपये पडतात, आणि मोठी शेगडी तासाला साधारण १५० ते २०० ग्रॅम खाते. अर्ध्या तासाला पाच-सहा रुपये. कुकर आणि उघडे पातेले यांच्यातले भांडण या आकड्यावर सुटते.

आता मुख्य खटला. चार माणसांचे घर घेऊ. भाव गोल आकड्यांत धरले आहेत, ज्याने-त्याने आपल्या वाण्याचे घालावेत. साधे रात्रीचे जेवण: दीडशे ग्रॅम तुरीचे वरण २१ रुपये, पाव किलो तांदूळ १५, चारशे ग्रॅम कणकेच्या पोळ्या १५, सहाशे ग्रॅम फ्लॉवर १८, मोहरीचे तेल ६, वरणावर आणि पोळीवर मिळून वीस ग्रॅम तूप १३, मसाले ६, गॅस ८. एकूण १०२, माणशी साडेपंचवीस. यात डाळ-भात-भाजी-पोळी सगळे आले, कोणी उपाशी उठत नाही.

याच घरात उपवास येतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे काही जेवण नव्हे, नुसते तोंडात टाकायला काहीतरी. तीनशे ग्रॅम साबुदाणा २४ रुपये, दीडशे ग्रॅम दाणे २१, पाव किलो बटाटे ६, मिरची-जिरे-लिंबू ५, गॅस ३. इथपर्यंत सगळे ठीक आहे, एकूण ५९. मग येते तूप. खिचडी मोकळी व्हायची तर चौघांना साठ ग्रॅम तूप लागतेच, त्याचे ३८. म्हणजे खिचडीच्या ९७ रुपयांतले ३८ तुपाचे. सोबत घरचे दही चारशे ग्रॅम, २६ रुपये. एकूण १२३, माणशी जवळजवळ ३१. चौघांनी देवासाठी अन्न सोडले आणि जेवणापेक्षा २१ रुपये जास्त खर्च केले. अजून केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि “पित्त होऊ नये म्हणून” घेतलेला चहा धरलेलाच नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे वजनकाटा नव्हता, तरी त्याचा अंदाज चुकला म्हणता येत नाही.

ग्वाल्हेरात या खिचडीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तिचा दाणा जवळचा, कारण शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात भुईमूग मुबलक पिकतो. साबुदाणा मात्र तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो आणि तो ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, मिरची आणि खुद्द भुईमूग हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधी आपले पूर्वज एकादशीला काय खात होते हा प्रश्न इथे विचारायचा नाही, कारण उत्तर बहुधा ‘कमी’ असे आहे.

डाळीची बाजूही तपासू. भाव चढले की घरात पहिला ठराव येतो, तूर बंद आणि मसूर सुरू. मसूर १०० आणि तूर १४० रुपये किलो धरली तर दीडशे ग्रॅममागे ६ रुपये वाचतात, माणशी दीड रुपया. त्यासाठी घरातल्या ज्येष्ठांची नाराजी, वरणाचा बदललेला रंग आणि “हे वरण आहे?” हा प्रश्न सोसायचा. उलट त्याच जेवणातले तूप निम्मे केले तर साडेसहा रुपये वाचतात, आणि सोसावी लागते फक्त शांतता.

खोबऱ्याचे पातक तुपाहून सूक्ष्म आहे. समुद्र ग्वाल्हेरहून शेकडो मैल दूर, तरी पोह्यांवर खोबरे हवेच, कारण पूर्वज कोकणातून आले असोत वा खानदेशातून, १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर आले असोत वा मागाहून नोकरीसाठी, खोबऱ्यावरचा हक्क कोणी सोडलेला नाही. नारळ ४० रुपयांचा, त्यातून दीडशे-दोनशे ग्रॅम चव. पोह्यांवर लागतो तीस ग्रॅम. उरलेला फ्रिजमध्ये आंबण्याआधी संपवायचा म्हणून दुसऱ्या दिवशी आमटीत, तिसऱ्या दिवशी कोबीत, चौथ्या दिवशी नारळीभात, त्यात साखर, तूप आणि काजू. चाळीस रुपयांचा नारळ वाया जाऊ नये म्हणून केलेला नारळीभात शंभरावर जातो. मटार-फ्लॉवरच्या राज्यात राहणाऱ्याने पोह्यांत हिवाळी मटार घालावा, खोबरे सणाला ठेवावे. असे सुचवल्यावर घरात जो चेहरा दिसतो, त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची हे ज्याने-त्याने ठरवावे.

शिळ्याचा हिशोब तर लबाडीची शाळाच. आदल्या दिवशीचा भात उरला, सकाळी फोडणी दिली आणि वहीत लिहिले: फोडणीचा भात, खर्च दोन रुपये. या न्यायाने फोडणीचा भात हा जगातला सर्वांत स्वस्त पदार्थ ठरतो, आणि मग तो मिळावा म्हणून रात्री मुद्दाम दुप्पट भात लावला जातो. शिळ्या भाताने आपली मूळ किंमत बरोबर घेऊनच सकाळी यायचे, रात्रीच्या पानांना फक्त खाल्लेला भात लावायचा. उरलेल्या चार पोळ्यांचा कुस्करा लाडू हे आणखी सुरेख उदाहरण. पोळ्या सहा रुपयांच्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून साठ ग्रॅम गूळ ३ रुपये आणि तीस ग्रॅम तूप १९. सहा रुपये वाचवायला बावीस खर्च झाले. लाडू करायला माझी ना नाही. पण ‘काटकसर’ या सदराखाली तो लिहू नये, ‘गोडधोड’ असे सदर असते.

आक्षेप येणार. पहिला असा की अन्नपूर्णेच्या घरात तराजू शोभत नाही. पण तिच्या घरात वाटी-चमच्याची मापे केव्हाच शिरली आहेत. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली, त्यातले माप लाखो घरांनी देवाज्ञेसारखे पाळले आणि कोणाची अन्नपूर्णा रुसली नाही. तराजू वाढताना लावायचा नाही, घालताना लावायचा आहे. तोही रोज नव्हे. प्रत्येक पदार्थाचा एकदा, आणि भाव बदलले की फक्त तेल, तूप, डाळ, दूध आणि भाजी एवढ्यांचा पुन्हा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्वस्त म्हणजे नुसता पिष्टमय चारा, मुलांना ताकद कशी येणार? रास्त आहे. म्हणून माणशी खर्चाशेजारी माणशी प्रथिने हा रकाना ठेवावाच. आणि तो ठेवला की खिचडीची बाजू आणखी पडते. साबुदाण्यात प्रथिने नाममात्र असतात, त्या ताटात जी काही येतात ती दाण्यांची आणि दह्याची. उलट झुणका-भाकरी घ्या. दोनशे ग्रॅम बेसन २० रुपये, पाव किलो कांदा साडेसात, मोहरीचे तेल सढळ पंचाहत्तर ग्रॅम १२, चंबळच्या बाजरीचे अर्धा किलो पीठ २०, ठेचा ८, गॅस ६. सगळे मिळून साडेत्र्याहत्तर, माणशी जवळजवळ साडेअठरा. बेसनात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिने, शिवाय बाजरीतली वेगळी. आठवड्यातला हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत तगडा बेत. त्याच्यावर लोण्याचा गोळा ठेवला नाही तर.

तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, कारण त्याला उत्तर नाही. भाकरी थापायची कोणी, दोन किलो मटार सोलायचा कोणी? बहुतेक स्वस्त पदार्थ स्वस्त दिसतात ते घरातल्या एका बाईचा तास शून्य रुपयांना धरल्यामुळे. तिच्या वेळेला तासाला नुसते ६० रुपये लावले तरी अर्ध्या तासाचा मटार ३० रुपयांनी महागतो, आणि मोलाची वाटणारी बचत तिथेच संपते. म्हणून तिसरा रकाना मिनिटांचा. आणि तो भरताना वही ज्याने सुरू केली त्यानेच मटार सोलावा, असा नियम केला तर घरातल्या बऱ्याच अर्थतज्ज्ञांचा उत्साह लगेच ओसरतो. शून्य रुपयांचे श्रम वाचवणारा बेत महाग नसतो, तो फक्त प्रामाणिक असतो.

चौथा आक्षेप पडावचाच म्हणावा असा. स्टेशन जवळ, चौराह्यावर रात्री उशिरापर्यंत काही ना काही तळले जात असते. घरात स्वस्त आणि रुक्ष जेवण झाले की दहा वाजता कोणीतरी “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणतो आणि पाय कचोरीपाशी मोकळे होतात. हा खर्च वहीत येत नाही. त्यामुळे बेत बदलताना सर्वांत स्वस्त पदार्थ आठवड्यात तीनदा टाकणे हा मूर्खपणा आहे. बदल महाग टोकाला करावा. उपवास तसाच ठेवावा, फक्त खिचडीऐवजी वरई: अडीचशे ग्रॅमला जरा कमी, ३१ रुपये, शंभर ग्रॅम दाण्यांची आमटी १४, वीस ग्रॅम तूप १३, आमसूल-मिरची-गूळ ६, गॅस ४, सोबत बटाट्याची सुकी भाजी १०. एकूण ७८, माणशी साडेएकोणीस. देव तोच, तिथी तीच, आणि चौघांमागे ४५ रुपये कमी. आठवड्यात दोन उपवास धरले तर महिन्याला जवळजवळ चारशे. मसुरीच्या वरणाने एवढे वाचवायला दोन महिन्यांहून जास्त रोज तोंड वाकडे करून जेवावे लागेल.

वही खरी आहे की खोटी हे कळण्याचा एकच मार्ग आहे. महिनाअखेर प्रत्येक बेताचा खर्च गुणिले तो किती वेळा झाला असा गुणाकार करावा आणि वाणी, दूधवाला, भाजी, गॅस यांच्या खऱ्या बिलांशी ताडून बघावा. वही नऊ हजार म्हणते आणि बिले बारा हजार, असे झाले तर मधले तीन हजार पदार्थांत नाहीत. ते सुकलेल्या कोथिंबिरीत, चव घेण्यात, डब्यातून जाता-येता उचललेल्या दाण्यांत, पाहुण्यांच्या चहात आणि बेताबाहेरच्या चिवड्यात आहेत. हजारभराची तफावत सोडून द्यावी, तेवढी घराला लागते. त्यापुढची असेल तर बेत बदलून उपयोग नाही, आधी झाकणे बदलावी लागतील.

एवढे सगळे करायचा कंटाळा असेल तर नुसते एक करा. सोमवारी सकाळी तुपाची बरणी काट्यावर ठेवा, रविवारी रात्री पुन्हा ठेवा, फरकाला तुपाच्या भावाने गुणा. येईल तो आकडा मात्र पंगत बसलेली असताना सांगू नका.